हॉस्पिटलची अटॅचमेंट सोडताना: शेवटच्या तीन महिन्यांचं काम, पेशंटच्या हँडओव्हरपासून अ‍ॅक्सेस कार्डापर्यंत

व्हिजिटिंग कन्सल्टंट म्हणून मुंबईत काम करणारा फिजिशियन एका वेळी दोन-तीन हॉस्पिटलांना जोडलेला असतो. त्यातलं एक सोडायचं ठरलं की बहुतेक जण एक पत्र देतात, शेवटच्या दिवशी कार्ड जमा करतात आणि निघतात. मीही पहिल्यांदा असंच केलं होतं. त्यानंतर दोन महिन्यांनी एक पेशंट मला शोधत माझ्या नव्या क्लिनिकमध्ये आला. त्याच्या छातीतलं पाणी काढून मी टीबीच्या कल्चरला पाठवलं होतं. पाचव्या आठवड्यात कल्चर पॉझिटिव्ह आलं आणि रिपोर्ट माझ्या बंद झालेल्या लॉगिनमध्ये जाऊन पडला. कुणी फोन केला नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल असेल असं त्याने धरलं. दरम्यान त्याचं वजन सहा किलोने उतरलं होतं.

त्यात लॅबची किंवा आयटीची चूक मला काढता आली नाही. सिस्टिमने रिपोर्ट ज्या डॉक्टरच्या नावावर होता, त्याच्याकडेच पाठवला होता. तो डॉक्टर तिथे नव्हता, एवढंच. दुसऱ्यांदा अटॅचमेंट सोडताना मी सगळं काम या एका गोष्टीभोवती रचलं: माझ्या नावावर अजून काय-काय येणार आहे आणि ते माझ्यानंतर कोण घेणार आहे. मुलुंड-भांडुप पट्ट्यातल्या एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलमधून बाहेर पडताना जे केलं, ते इथे त्याच क्रमाने लिहिते आहे.

एक नव्हे, चार तारखा

आधी तुमचं नेमणुकीचं पत्र किंवा करार शोधा. अनेकांच्या बाबतीत करार दोन-तीन वर्षांचा असतो, तो कधीच संपलेला असतो आणि काम तसंच चालू असतं. नोटीस ३० दिवसांची की ९० दिवसांची, हे त्यातच लिहिलेलं असतं. करार संपलेला असला तरी त्यातली मुदत पाळावी. वाद टळतो आणि पेशंटनाही वेळ मिळतो. सोडल्यावर अमुक किलोमीटरच्या आत प्रॅक्टिस करायची नाही, असं कलम त्यात दिसलं तर घाबरून जाऊ नका. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे, काम संपल्यानंतर धंद्यावर घातलेलं बंधन सहसा टिकत नाही. मात्र हॉस्पिटलच्या रेकॉर्डबद्दलची गुप्ततेची कलमं वेगळी असतात. ती टिकतात आणि टिकायलाच हवीत.

राजीनाम्याच्या पत्रात बहुतेक जण एकच तारीख लिहितात, शेवटच्या दिवसाची. मी चार लिहिल्या. १ जानेवारीला तीन महिन्यांची नोटीस दिली आणि त्यात म्हटलं: २८ फेब्रुवारीनंतर ओपीडीत नवा पेशंट घेणार नाही, १६ मार्चनंतर माझ्या नावावर अ‍ॅडमिशन नको, २३ मार्चनंतर इमर्जन्सी कॉलच्या यादीत माझं नाव नको, आणि ३१ मार्च हा शेवटचा दिवस. अ‍ॅडमिशन आणि शेवटचा दिवस यांच्यात दोन आठवडे ठेवले की दाखल पेशंट बहुधा तुमच्याच हातून डिस्चार्ज होतात. पत्र मेडिकल सुपरिंटेंडेंटना ईमेलने पाठवा आणि कागदावर पोच घ्या. फ्रंट डेस्कला या चार तारखा वेगळ्या कागदावर द्या, कारण राजीनाम्याचं पत्र त्यांच्यापर्यंत कधीच पोहोचत नाही.

निवड तुमच्या हातात असेल तर शेवटचा दिवस जुलै ते सप्टेंबरमध्ये नको. मुंबईत त्या दिवसांत डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोचे पेशंट वॉर्डात भरलेले असतात, आणि तुमचे जुने पेशंट नीट समजून घ्यायला दुसऱ्या फिजिशियनकडे वेळ नसतो.

आणखी एक पत्र याच आठवड्यात जायला हवं. तुम्ही तिथे सोनोग्राफी किंवा टूडी इको करत असाल आणि गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याच्या नोंदणीत तुमचं नाव असेल, तर हा बदल हॉस्पिटलने महापालिकेच्या सक्षम अधिकाऱ्याला किमान ३० दिवस आधी कळवायचा असतो. ते काम हॉस्पिटलचं असलं तरी आठवण तुम्ही करून द्या आणि कळवलेल्या पत्राची प्रत मागा.

पेशंटची यादी: सगळ्यांची नको, धोक्यातल्यांची हवी

एचएमएस या हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमधून मी मागच्या सहा महिन्यांत माझ्या ओपीडीला आलेल्यांची यादी काढून घेतली. ती रेकॉर्ड विभागाच्या, म्हणजे एमआरडीच्या संगणकावरच उघडली, घरी आणली नाही, फोनवर फोटोही काढले नाहीत. रेकॉर्ड हॉस्पिटलच्या ताब्यातलं असतं आणि पेशंटची यादी बरोबर नेणं हा विश्वासाचा भंग आहे. हे सांगावं लागतं, कारण तो मोह प्रत्येकाला होतो.

यादीत चारशेच्या आसपास नावं होती. त्या प्रत्येकाला मी स्वतःला एकच प्रश्न विचारला: या माणसाला पुढचा एक महिना कुणीच पाहिलं नाही तर इजा होईल का? बीपीची एक गोळी नीट चालू असलेल्या माणसाला होणार नाही. त्याला प्रिस्क्रिप्शन आणि थोडी माहिती पुरते. पण २३ नावं अशी निघाली की तिथे उत्तर होय होतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेले, टीबीचे उपचार अर्धवट असलेले, मेथोट्रेक्सेटवर असलेले ज्यांचं दर काही आठवड्यांनी लिव्हर आणि रक्तपेशी तपासाव्या लागतात, स्टिरॉइड हळूहळू कमी करत आणलेले, आणि ज्यांचा एखादा रिपोर्ट अजून यायचा होता असे. या २३ जणांसाठी मी पुढच्या डॉक्टरला स्वतः भेटले आणि प्रत्येकासाठी वेगळी नोट लिहिली.

पुढचा डॉक्टर कोण, हे पेशंट ठरवतो. त्याच हॉस्पिटलमधल्या एका फिजिशियन सरांनी पेशंट घ्यायची तयारी दाखवली होती. पण "मी घेतो" हे त्यांच्याकडून लेखी यायला हवं. तुम्ही ईमेल केला आणि उत्तर आलं नाही, तर हँडओव्हर झालेलाच नाही. मी २३ नोटांची यादी त्यांच्यासमोर बसून वाचली, चार जणांबद्दल त्यांनी प्रश्न विचारले, आणि मग त्यांनी सही केली. त्याला दोन दुपारी लागल्या.

नोट कशी असावी, यासाठी एकच उदाहरण देते. भांडुपच्या एक मावशी, वय ५७, हृदयातली मायट्रल झडप धातूची बसवलेली. रक्त किती पातळ झालं आहे ते आयएनआर या तपासणीतून कळतं. त्यांच्या नोटेत असं होतं:

*धातूची मायट्रल झडप. अ‍ॅसिनोकुमारॉल चालू, वॉरफरिन नव्हे. सोम-बुध-शुक्र ३ मिग्रॅ, बाकी चार दिवस २ मिग्रॅ. आयएनआर २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा. मागचे तीन: २.९, ३.१, २.७. पुढची तपासणी १० एप्रिल. उपवासात पालेभाजी जास्त खाल्ली की आयएनआर घसरतो. डोस मुलगी देते, मावशींना आकडे वाचता येत नाहीत. दात काढायचा म्हणत आहेत, आधी विचारायला सांगितलं आहे.*

"वॉरफरिन नव्हे" हे दोन शब्द मुद्दाम आहेत. दोन्ही गोळ्या एकच काम करतात, पण मिलिग्रॅमला मिलिग्रॅम सारख्या नाहीत. नव्या डॉक्टरने नुसतं "रक्त पातळ करायची गोळी, ३ मिग्रॅ" असं वाचून दुसरी लिहिली, तर झडपेवर गुठळी होण्यापासून रक्तस्रावापर्यंत काहीही होऊ शकतं. फाइलमध्ये औषधाचं नाव असतंच. पण मुलगी डोस देते, उपवासात आयएनआर घसरतो, या गोष्टी फाइलमध्ये नसतात. त्या तुमच्या डोक्यात असतात आणि तुमच्याबरोबर निघून जातात. नोट त्यांच्यासाठी असते.

टीबीच्या पेशंटसाठी आणखी एक पायरी आहे. निक्षय या सरकारच्या टीबी पोर्टलवर त्यांची नोंद तुमच्या नावाने किंवा त्या हॉस्पिटलच्या नावाने असते. उपचार कुठे पुढे चालणार ते पेशंटला विचारून पोर्टलवर ट्रान्सफर करा आणि निक्षय क्रमांक पेशंटच्या कागदावर लिहून द्या. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा, म्हणजे तुम्ही गेल्यावरही तो बराच काळ चालू राहणार. ट्रान्सफर केली नाही तर कोर्स पूर्ण झाल्याची नोंद करणारं कुणी उरत नाही.

पेशंटना काय सांगायचं, काय नाही

"मॅडम, तुम्ही जाणार, मग आम्ही कुणाकडे जायचं?" हा प्रश्न फेब्रुवारीभर रोज येत होता. वैद्यकीय आचारसंहितेचे २००२ चे नियम आजही लागू आहेत. त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की हाती घेतलेल्या पेशंटकडे दुर्लक्ष करायचं नाही, आणि पेशंटला व कुटुंबाला पुरेशी सूचना दिल्याशिवाय उपचार सोडायचे नाहीत. तेव्हा सांगणं हे कर्तव्यच आहे. पण पेशंट ओढणं म्हणजे जाहिरात, आणि तिला बंदी आहे. मधला रस्ता त्याच नियमांनी दिला आहे: पत्ता बदलल्याची औपचारिक घोषणा करता येते.

म्हणून ओपीडीच्या टेबलावर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एक अर्धं पान ठेवलं. त्यात शेवटची तारीख होती, याच हॉस्पिटलमध्ये कोणाकडे जाता येईल ते होतं, आणि आपल्या फाइलची प्रत कशी मागायची तेही होतं. पेशंटने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यावं लागतं, हे त्याच नियमांत आहे आणि फार कमी पेशंटना माहीत असतं. माझ्या नव्या क्लिनिकचा पत्ता त्या पानावर नव्हता. विचारणाऱ्याला तो तोंडी दिला. सुपरिंटेंडेंट सरांना पान आधी दाखवलं आणि त्यांनी ते लगेच मान्य केलं. सगळ्यांना एकदम व्हॉट्सअ‍ॅप पाठवू नका. पेशंटचा नंबर तुम्हाला उपचारासाठी मिळालेला असतो.

फ्रंट डेस्कचं एक काम तपासल्याशिवाय सोडू नका. अपॉइंटमेंटच्या अ‍ॅपमध्ये पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या वेळा आपोआप उघड्या असतात. त्या बंद केल्याचं मला सांगितलं होतं. मी नवऱ्याच्या फोनवरून माझीच एप्रिलमधली वेळ घेऊन पाहिली आणि ती सहज मिळाली. अशा किती जणांनी आधीच घेतल्या आहेत ते पाहिलं तर अकरा निघाले. त्या अकरांना डेस्कने फोन केले.

येणारे रिपोर्ट

पहिल्यांदा मी जिथे चुकले, ती ही जागा. मार्चच्या मध्यापासून लॅबकडून दर दोन दिवसांनी माझ्या नावावरच्या "पेंडिंग" तपासण्यांची यादी घेतली. रक्ताचे साधे रिपोर्ट त्याच दिवशी येतात, बायोप्सीचे काही दिवसांत. खरा लांबचा पल्ला टीबीच्या लिक्विड कल्चरचा. ते निगेटिव्ह म्हणून जाहीर करायला ४२ दिवस, म्हणजे पूर्ण सहा आठवडे लागतात. माझं शेवटचं कल्चर १५ मार्चला गेलं होतं. म्हणजे २६ एप्रिलपर्यंत माझ्या नावावर एक रिपोर्ट येऊ शकत होता, आणि मी तर ३१ मार्चला निघणार होते.

यावर दोन उपाय असतात. लॉगिन सहा आठवडे चालू ठेवा, असं काही जण मागतात. मला तो उपाय चुकीचा वाटतो. तुम्ही त्या हॉस्पिटलचे डॉक्टर नसताना त्यांचं रेकॉर्ड उघडता, प्रत्येक उघडणं तुमच्या नावाने नोंदलं जातं, आणि रिपोर्ट दिसला तरी तिथे त्यावर काही करण्याचा अधिकार तुम्हाला नसतो. मी दुसरा उपाय केला. प्रत्येक पेंडिंग तपासणीवर ऑर्डर देणाऱ्या डॉक्टरचं नाव बदलून घेतलं, पेशंट घेणाऱ्या सरांचं घातलं. ते आयटीला करावं लागतं, लॅब करू शकत नाही. त्यासाठी एक लेखी विनंती लागली. लॅबच्या क्रिटिकल कॉलच्या यादीतही माझा मोबाइल होता. पोटॅशियम खूप वाढलं तर रात्री अडीचला फोन त्याच नंबरवर येतो. तो नंबरही बदलून घेतला, आणि खात्रीसाठी लॅबच्या टेबलावर चिकटवलेला कागद स्वतः पाहिला. सिस्टिममध्ये नंबर बदलला होता, कागदावर जुनाच होता.

पेशंटलाही तारीख सांगा. "रिपोर्ट आला की कळवू" असं नाही, तर "२६ एप्रिलपर्यंत फोन आला नाही, तर या नंबरवर तुम्ही फोन करा" असं. फोन न येणं म्हणजे सगळं ठीक, हा समज माझ्या पहिल्या पेशंटला महागात पडला होता.

दाखल पेशंट, अपुऱ्या फाइल्स, विमा

शेवटच्या दिवशी एखादा पेशंट वॉर्डात राहिलाच, तर हँडओव्हर बेडजवळ करा, घरच्यांसमोर. केस पेपरवर तारीख, वेळ, कोणाकडे दिलं आणि त्यांनी स्वीकारलं, अशा दोन सह्या. माझा एक होता, डायबेटिक पायाचा. दहा मिनिटांत झालं.

एमआरडीत दोन आठवडे आधी जा. तिथे तुमच्या नावावरच्या अपुऱ्या फाइल्सची यादी असते: सही नसलेल्या डिस्चार्ज समरी, वेळ न लिहिलेल्या नोट्स. त्या पूर्ण करा, पण मागची तारीख घालू नका. आज सही करत असाल तर आजची तारीख. विम्याच्या कंपन्या डिस्चार्जनंतर आठवड्यांनी "डायबेटिस कधीपासून आहे?" असले प्रश्न उपचार करणाऱ्या डॉक्टरला विचारतात. विम्याचे क्लेम पाहणाऱ्या टीपीए डेस्कला तुमचा ईमेल द्या आणि सांगा की फाइलची प्रत पाठवली की लेखी उत्तर देईन. नाहीतर पेशंटचा क्लेम तुमच्या एका सहीसाठी अडकतो.

तुमची स्वतःची प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी मात्र खंडित होऊ देऊ नका. अशा पॉलिसी सहसा दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षी चालू असाव्या लागतात. ग्राहक तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते, आणि उशीर माफही होऊ शकतो.

कार्ड, चाव्या आणि तुमची सही

कार्ड सगळ्यात शेवटी द्यायचं. सकाळी एचआरमध्ये कार्ड जमा करून दुपारी आयसीयूच्या दाराबाहेर उभे राहिलेले डॉक्टर मी पाहिले आहेत. आणि एचएमएसचं लॉगिन नेमकं कोणत्या वेळी बंद होणार ते आयटीला विचारा. मला "३१ तारखेला" असं सांगितलं होतं. खोदून विचारल्यावर कळलं की ते ३१ ची पहाट धरून चालले होते. समरी तशाच राहिल्या असत्या. लेखी घेऊन ती वेळ रात्री १२ केली.

परत करायच्या वस्तूंची एक यादी मी स्वतः केली, दोन प्रतींत: आयडी कार्ड आणि त्याचा क्रमांक, पार्किंगचा टॅग, डॉक्टर्स रूमच्या लॉकरची चावी, हॉस्पिटलचं प्रिस्क्रिप्शन पॅड. प्रत्येकापुढे कोणाला दिलं, किती वाजता, आणि सही. सिक्युरिटीच्या काकांनी कार्ड बंद केल्यावर मी ते त्यांच्याच समोर दारावर लावून पाहिलं. लाल दिवा लागला, मगच दिलं. बोटाचा ठसाही मशीनमधून काढून टाकायला सांगा. कार्ड बंद होतं पण ठसा राहतो, हे नेहमी होतं. कार्ड हरवलं असेल तर मुंबई पोलिसांच्या वेबसाइटवर हरवल्याची नोंद करता येते. ती प्रत सिक्युरिटीला द्या आणि कार्ड ताबडतोब बंद करून घ्या.

कार्डापेक्षा मोठी वस्तू म्हणजे तुमची सही. डिस्चार्ज समरीच्या टेम्प्लेटमध्ये स्कॅन केलेली सही असते. ती काढून टाकल्याचा ईमेल घ्या. नोंदणी क्रमांकाचे रबरी शिक्के वॉर्डात सिस्टरच्या टेबलावर पडलेले असतात. मला आयसीयूत एक आणि तिसऱ्या मजल्यावर एक, असे दोन सापडले. दोन्ही घरी आणले. गडबडीच्या दिवशी आरएमओसाठी कोरे सही केलेले फॉर्म ठेवायची सवय कुणाला असेल, तर ते शोधून फाडा. तुम्ही गेल्यावर त्यांवर काय लिहिलं जाईल हे तुम्हाला कळणार नाही, पण उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

फोनवरून एक्स-रे पाहायचं अ‍ॅप आणि हॉस्पिटलचा ईमेल काढला. वॉर्डच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये "आजपासून या ग्रुपवर पेशंटबद्दल मला विचारू नये, सरांना विचारावं" असं लिहून, सिस्टरांनी पाहिल्याची खात्री करून बाहेर पडले. मग गॅलरी उघडली. नऊ वर्षांचे ईसीजी, जखमांचे फोटो, नावासकट रिपोर्ट तिथे आपोआप साठले होते, आणि त्यांची प्रत क्लाउडवरही होती. दोन्हीकडून पुसायला एक पूर्ण रविवार गेला.

लॉगिन बंद होण्याआधी न मिळालेल्या फीचा हिशेबही काढून घ्या, कारण नंतर तो पाहता येत नाही. टीडीएस १० टक्के कापलेला असतो, तो तुमच्या आयकर खात्यावर दिसतो का तेही पाहा. आणि नो-ड्यूजबरोबर तारखांसह रिलीव्हिंग लेटर मागा, पुढचं हॉस्पिटल ते मागतं.

३१ मार्चला रात्री पावणेनऊला कार्ड दिलं. त्यानंतर कॅलेंडरवर एकच नोंद उरली होती. २६ एप्रिलला मी लॅबला फोन केला आणि फक्त एवढंच विचारलं, की १५ मार्चचं ते कल्चर सरांच्या नावावर गेलं का. गेलं होतं, निगेटिव्ह होतं, आणि पेशंटने आदल्या दिवशी स्वतःच फोन करून विचारलंही होतं.